विकलेल्या पॉवर बँकेत दोष निघाला तर: छोट्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानदारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील सर्व उत्तरांसाठी एकच उदाहरण घेतले आहे. ते कल्पित आहे, पण बाजारात रोज घडू शकेल असे आहे. कोल्हापुरात राजारामपुरीतील एका छोट्या दुकानाने घाऊक व्यापाऱ्याकडून २०,००० एमएएच क्षमतेच्या ६० पॉवर बँका आणल्या. सर्वांवर एकच बॅच क्रमांक आहे. त्यांतील ४३ विकल्या गेल्या आणि १७ कपाटात शिल्लक आहेत. अशातच दोन ग्राहक काही दिवसांच्या अंतराने फुगलेली पॉवर बँक घेऊन दुकानात आले.

दोनच तक्रारी आल्या आहेत. एवढ्यावरून माल सदोष ठरवावा का?

माल सदोष ठरवण्याची घाई करू नये, परंतु विक्री मात्र त्याच क्षणी थांबवावी. हे दोन निर्णय वेगळे आहेत आणि त्यांची गल्लत झाली की दुकानदार दोन्ही लांबवतो. एखादे बटण अडकले, केबल सैल बसली किंवा दिवा लागत नाही अशा तक्रारीत आणखी दोन-चार तक्रारींची वाट पाहता येते. लिथियमचा सेल फुगणे या जातीची तक्रार नाही, कारण फुगलेल्या सेलचा पुढचा टप्पा आग असू शकतो.

त्यानंतर शिल्लक १७ नगांची तपासणी करावी आणि ती न उघडता करावी. पॉवर बँक सपाट काचेच्या काउंटरवर ठेवून एका कोपऱ्यावर बोटाने हलके दाबले असता ती डुगडुगली, तर तिची पाठ सपाट राहिलेली नाही. दोन्ही झाकणांच्या सांध्यावर नवीन फट दिसते का, तिथे कागदाची कड आत सरकते का, हे पाहावे. गोडसर, रंगाच्या थिनरसारखा वास येत असेल, तर सेलमधील द्रव बाहेर आल्याची शक्यता असते आणि तो नग ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावा. स्क्रू ड्रायव्हर लावून 'आत काय झाले ते बघू' म्हणणारा मेकॅनिक शेजारच्या दुकानात असतोच. त्याला हात लावू देऊ नये, कारण फुगलेल्या सेलला टोक लागले तर तिथल्या तिथे पेट घेऊ शकतो.

याच वेळी लेबलवरील नोंदणी क्रमांकही पाहावा. पॉवर बँक ही भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत येते आणि तिच्यावर मानकचिन्हासोबत 'R-' ने सुरू होणारा क्रमांक असावा लागतो. ब्युरोच्या BIS Care या ॲपमध्ये तो टाकला की नोंदणी कोणत्या उत्पादकाच्या नावावर आणि कोणत्या ब्रँडसाठी आहे ते दिसते. क्रमांक सापडलाच नाही, किंवा तो भलत्याच वस्तूचा निघाला, तर प्रश्न एका बॅचपुरता उरत नाही. तो माल विकायचाच नसतो.

दोषाचे कारण कळल्याशिवाय ग्राहकांना काय सांगणार?

जे पाहिले तेच सांगावे. कारण दुकानदाराला कळेलच असे नाही, आणि बहुतेक वेळा ते दुकानात बसून कळतही नाही. लिथियम-आयन सेल साधारण ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. त्यापुढे चार्जिंग तोडण्याचे काम आतील छोट्या सर्किटचे असते. ते सर्किट वेळेवर तोडत नसेल तर सेलमधील द्रवाचे विघटन होऊन वायू तयार होतो आणि सेलचे मऊ पाकीट फुगते. परंतु सेलच मुळात जुना किंवा कमी दर्जाचा असेल, त्यात ओलावा शिरलेला असेल, किंवा पॉवर बँक महिनोन्महिने पूर्ण भरून उष्ण जागी ठेवलेली असेल, तरीही बाहेरून दिसणारा परिणाम हाच असतो.

यातले शेवटचे कारण आपल्या भागात विशेष लक्षात घ्यावे. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या बाजूला पावसाळ्यात वीज जाते, आणि शिरोळ-करवीरमधल्या नदीकाठच्या घरांनी २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले आहेत. त्यामुळे पुष्कळ लोक पॉवर बँक पूर्ण भरून कपाटात ठेवून देतात. ही सवय समजण्यासारखी आहे, मात्र पूर्ण भरलेला सेल अर्ध्या भरलेल्या सेलपेक्षा लवकर खराब होतो आणि मुळात दोष असलेल्या सेलमध्ये तो दोष अशाने अधिक लवकर उघड होतो. तरीसुद्धा सूचनेत 'ग्राहकांनी जास्त चार्ज केल्यामुळे' असे लिहू नये. पॉवर बँक पूर्ण भरून ठेवणे हा गैरवापर नाही; ती त्यासाठीच विकली जाते.

सूचना नेमकी कशी लिहावी?

क्रम महत्त्वाचा आहे. कागलमध्ये बसलेल्या ग्राहकाला मोबाइलवर पहिल्या चार ओळी वाचून दोन गोष्टी कळल्या पाहिजेत: ही माझ्याच वस्तूबद्दल आहे का, आणि असल्यास आज रात्री मी काय करायचे. पैशांचा भाग त्यानंतर येतो आणि दुकानाची खंत सर्वांत शेवटी. बऱ्याच सूचनांत हा क्रम नेमका उलटा असतो. 'आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांना' पासून सुरू होऊन 'गेली अनेक वर्षे आपल्या सेवेत' येईपर्यंत वाचणारा पुढच्या मेसेजवर गेलेला असतो. आपल्या उदाहरणातील दुकानाची सूचना अशी लिहिता येईल:

> आमच्या दुकानातून घेतलेली २०,००० एमएएचची काळी पॉवर बँक तुमच्याकडे असेल आणि तिच्या मागील लेबलवर बॅच क्रमांक २४०७ असेल, तर ती आजपासून वापरू नका आणि चार्जिंगला लावू नका. या बॅचच्या दोन पॉवर बँका फुगल्याचे आम्ही स्वतः पाहिले आहे. फुगलेली पॉवर बँक पेट घेऊ शकते.
>
> ती फुगलेली नसेल तरी वापर थांबवा. गादी, कपडे आणि गॅस यांपासून दूर, फरशीवर ठेवा. फुगली असेल तर दाबू नका, टोचू नका, प्रवासात सोबत आणू नका. आम्हाला फोन करा.
>
> तुम्ही भरलेली पूर्ण रक्कम आम्ही परत करू. बिल नसले तरी चालेल. लेबलवरील बॅच क्रमांक पुरेसा आहे.
>
> दोष कशामुळे आला हे आम्हाला अद्याप माहीत नाही. पुरवठादाराला लेखी विचारले आहे. उत्तर आले की याच ठिकाणी कळवू. इतर बॅचच्या मालात असा प्रकार आमच्या पाहण्यात आलेला नाही.

या मजकुरात 'पाहण्यात आलेला नाही' असे लिहिले आहे, 'इतर माल पूर्णपणे सुरक्षित आहे' असे नाही. दुसरे वाक्य लिहिण्याइतकी माहिती दुकानदाराकडे नसते. त्याचप्रमाणे 'काही तांत्रिक कारणास्तव', 'किरकोळ त्रुटी' आणि 'खबरदारीचा उपाय म्हणून' ही तीन वाक्ये टाळावीत. तिसरे वाक्य सभ्य वाटते, पण ते वाचून ग्राहक असे समजतो की प्रत्यक्षात काही घडलेले नाही, आणि रात्री तीच पॉवर बँक उशीशेजारी चार्जिंगला लावतो.

ही सूचना ४३ ग्राहकांपर्यंत पोहोचवायची कशी? सर्वांचे नंबर नाहीत.

बिलावर मोबाइल नंबर असलेल्यांना फोन करावा आणि त्यानंतर तोच मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवावा. नुसता मेसेज पुरेसा मानू नये. ज्यांनी यूपीआयने पैसे दिले आणि बिल घेतले नाही, त्यांचे नाव आणि व्यवहाराची तारीख दुकानाच्या यूपीआय ॲपमध्ये मिळते. रक्कम आणि दिवस जुळवून यादी बरीच भरते. रोखीने घेऊन गेलेले ग्राहक हाच खरा अवघड भाग आहे. त्यांच्यासाठी दुकानाच्या दारावर, नजरेच्या उंचीवर, पॉवर बँकेच्या छायाचित्रासह मोठ्या अक्षरांतील कागद लावावा; लेबलवर बॅच क्रमांक कुठे छापलेला आहे ते छायाचित्रात गोल करून दाखवावे. तालुक्याच्या ठिकाणी दुसऱ्या छोट्या दुकानदाराला त्याच बॅचचे चार नग दिले असतील, तर त्यालाही लेखी कळवावे. तो आपला ग्राहकच आहे आणि त्याचे ग्राहक आपल्याला दिसत नाहीत.

येथे फसवणुकीचा विचार आधीच करावा लागतो. 'परतावा मिळवण्यासाठी खालील लिंक दाबा' असे मेसेज लोकांनी पाहिलेले आहेत, त्यामुळे खरी सूचनाही त्यांना संशयास्पद वाटू शकते आणि आपल्या सूचनेच्या नावाखाली तिसराच कोणी लुबाडू शकतो. म्हणून सूचनेत एकही लिंक नसावी आणि पुढील वाक्य असावे: 'पैसे परत करण्यासाठी आम्ही ओटीपी, यूपीआय पिन किंवा कार्डची माहिती विचारणार नाही, पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही.'

बिल नसलेल्या ग्राहकाला पैसे द्यायचे, तर कोणीही उठून येईल. मग काय करायचे?

येथे वस्तू हाच पुरावा आहे. बॅच क्रमांक आपल्या खरेदी बिलाशी किंवा शिल्लक नगांशी जुळतो का, एवढेच पाहावे. लेबलवर स्वतंत्र अनुक्रमांक असेल तर तो वहीत उतरवून घ्यावा, म्हणजे एकाच नगाचे पैसे दोनदा जाणार नाहीत. परत आलेल्या प्रत्येक नगावर न पुसणाऱ्या मार्करने फुली मारावी.

तरीही त्याच बॅचची पॉवर बँक गावातल्या दुसऱ्या दुकानातून घेतलेला एखादा माणूस आपल्याकडून पैसे घेऊन जाऊ शकतो. ही शक्यता मान्य करून पुढे जावे, असे आमचे मत आहे. आपण एकूण ४३ विकल्या आहेत, त्यामुळे जास्तीत जास्त किती परत येऊ शकतात याचा हिशेब आपल्याला ठाऊक आहे. आकडा त्याच्या पुढे गेला तर तपासणी कडक करता येईल. बिलाची अट घालून एक-दोन चुकीचे दावे वाचतील, पण अनेक सदोष नग लोकांच्या घरातच राहतील.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, हेही लक्षात असावे. जे बिल आपण दिलेच नाही ते ग्राहकाकडे मागणे शोभत नाही.

किती रक्कम परत करावी आणि किती दिवसांत?

ग्राहकाने दिलेली पूर्ण रक्कम, जीएसटीसह. 'चार महिने वापरली' म्हणून कपात करू नये. बदली नग द्यायचा असेल तर तो पर्याय म्हणून पुढे ठेवावा, आणि 'दुकानातच खरेदी करा' अशी चिठ्ठी ग्राहकाने स्वतः मागितली तरच द्यावी. वर उल्लेख केलेल्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत आणखी एक कलम आहे: बिलावर मुदत छापलेली असल्यास त्या मुदतीत, आणि नसल्यास ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे परत करण्यास नकार देणे. बिलाच्या तळाशी छापलेले 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य सदोष मालाच्या बाबतीत उपयोगी पडत नाही. वस्तू हाती आली की त्याच दिवशी यूपीआयने किंवा रोखीने पैसे देऊन सही घ्यावी, हे सर्वांत सोपे.

लांबच्या ग्राहकाने पॉवर बँक पाठवायची कशी?

पाठवू नये. फुगलेली किंवा सदोष म्हणून जाहीर केलेली लिथियम बॅटरी कुरियरने, टपालाने किंवा एसटी पार्सलने पाठवणे धोक्याचे असते, आणि कुरियरवाल्याला 'आत चार्जर आहे' असे सांगून पाठवणे त्याहून वाईट. गडहिंग्लज किंवा चंदगडच्या ग्राहकाकडून लेबलचे आणि लेबलवर पेनाने मारलेल्या फुलीचे छायाचित्र मागवावे आणि पैसे आधी पाठवावेत. न फुगलेली पॉवर बँक तो पुढे कधी कोल्हापूरला येईल तेव्हा आणील. फुगलेली असेल तर ती आणायला दुकानातून माणूस पाठवावा, सोबत कोरडी वाळू घातलेला पत्र्याचा डबा द्यावा आणि प्रवास दुचाकीच्या डिकीत डबा कोंबून करू नये.

परत आलेले नग दुकानात गल्ल्याखाली साठवू नयेत. पत्र्याच्या डब्यात वाळूच्या थरात, एकमेकांना चिकटणार नाहीत असे, पुठ्ठ्याच्या खोक्यांपासून लांब ठेवावेत. डब्याचे झाकण हवाबंद नसावे, म्हणजे वायू कोंडणार नाही. ते भंगारवाल्याला देऊ नयेत. तो तांब्यासाठी हातोडी घालतो. वापरलेल्या बॅटऱ्यांसाठी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ आहेत आणि उत्पादकावर त्या परत गोळा करण्याची जबाबदारी आहे, म्हणून पहिला पर्याय पुरवठादारामार्फत उत्पादक, आणि दुसरा पर्याय नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणारा.

घाऊक व्यापारी हात वर करतो. तोवर ग्राहकाला थांबवावे का?

थांबवू नये. ग्राहकाने पैसे आपल्याला दिले आहेत, त्या व्यापाऱ्याला तो ओळखतही नाही. व्यापाऱ्याशी भांडण स्वतंत्रपणे चालवावे आणि ते फोनवर न चालवता लेखी चालवावे: खरेदी बिलाचा क्रमांक, बॅच, तक्रारींच्या तारखा, फुगलेल्या नगांची छायाचित्रे, विक्री थांबवल्याचा दिवस, आणि 'उत्पादकाचे नाव व पत्ता कळवावा' ही स्पष्ट मागणी. हे पत्र ईमेल किंवा स्पीड पोस्टने जावे.

उत्पादकाचे नाव मागण्यामागे कारण आहे. कायद्याचे कलम ८६ उत्पादन विक्रेत्याच्या दायित्वाबद्दल आहे आणि केवळ विकणारा प्रत्येक दोषाला जबाबदार असतो असे ते म्हणत नाही. पण ज्या परिस्थितीत तो जबाबदार ठरतो त्यांतील तीन आपल्या बाजारात नेहमी दिसतात. उत्पादक कोण हेच माहीत नसेल, तर विक्रेता जबाबदार धरला जाऊ शकतो. बिनानावाच्या स्वस्त मालाचा खरा धोका हा आहे. उत्पादकाच्या वॉरंटीपेक्षा वेगळी स्वतःची हमी विक्रेत्याने दिली असेल, म्हणजे बिलावर 'दुकानाची एक वर्ष गॅरंटी' असे लिहिले असेल आणि वस्तू त्या हमीला उतरली नसेल, तरीही. आणि तिसरे म्हणजे, उत्पादकाने दिलेला धोक्याचा इशारा विक्रेत्याने ग्राहकापर्यंत पोहोचवला नसेल तर. व्यापाऱ्याने व्हॉट्सॲप ग्रुपवर 'ती बॅच परत करा' असा एका ओळीचा मेसेज टाकला असेल आणि आपण तो वाचून गप्प बसलो असू, तर ती ओळ आपल्याविरुद्धचा पुरावा ठरू शकते.

जाहीर सूचना दिली म्हणजे कोर्टात गुन्हा कबूल केल्यासारखे होणार नाही का?

वरील नमुन्यात आपण काय पाहिले आणि काय करत आहोत एवढेच लिहिले आहे. दोष आपण निर्माण केला असे त्यात कुठेही नाही. सूचनेनंतर तक्रार होऊच शकणार नाही असेही नाही. ग्राहक जिल्हा ग्राहक आयोगाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाऊ शकतो, किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलू शकतो, आणि हे त्याचे हक्क कोणतीही पावती काढून घेऊ शकत नाही. म्हणून पैसे परत करताना 'यापुढे माझी कोणतीही तक्रार नाही' असे लिहून घेण्याचा आग्रह धरू नये. 'रक्कम मिळाली, वस्तू परत दिली' एवढी पावती हिशेबाला पुरते. पॉवर बँकेमुळे कोणाचे काही जळले असेल, तर मात्र परतावा देऊन विषय संपत नाही. तेव्हा वकिलाचा सल्ला घ्यावा आणि तो नग जसाच्या तसा जपून ठेवावा.

जीएसटीचे काय होते? आम्ही कर तर भरून बसलो.

नियमित नोंदणी असलेल्या दुकानासाठी मार्ग आहे. आपल्या दुकानाने पॉवर बँक १,००० रुपये अधिक १८ टक्के कर, म्हणजे १,१८० रुपयांना विकली होती. माल परत आल्यावर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ नुसार क्रेडिट नोट काढता येते आणि १८० रुपयांची करदेयता कमी होते. ज्या आर्थिक वर्षात विक्री झाली, ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच्या विवरणपत्रात ती दाखवावी लागते. वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले तर मुदत तिथेच संपते. उशिरा आलेल्या ग्राहकाला पैसे तरीही द्यायचे, फक्त तो कर आपल्या खिशातून जातो.

दुकानाची खरेदी ७०० रुपये अधिक १२६ रुपये कर अशी होती. व्यापाऱ्याने माल परत घेऊन क्रेडिट नोट दिली, तर खरेदीवर घेतलेले १२६ रुपयांचे क्रेडिट उलटवायचे आणि प्रत्येक नगामागे प्रत्यक्ष तोटा फक्त नफ्याचा, म्हणजे ३०० रुपयांचा राहतो. सर्व ४३ नग परत आले तरी १२,९०० रुपये. व्यापाऱ्याने नकार दिला आणि माल नष्ट करावा लागला, तरीही ते क्रेडिट उलटवावेच लागते, कारण नष्ट केलेल्या मालावर ते मिळत नाही. तेव्हा नगामागे नफ्याखेरीज खरेदीचे ८२६ रुपयेही जातात. कंपोझिशन योजनेतील दुकानदार करपावती देत नाही, म्हणून त्याचा हिशेब वेगळा पडतो. त्याने आपल्या कर सल्लागाराला विचारून घ्यावे.

सूचना किती दिवस लावून ठेवावी?

परत आलेल्या नगांची वही हेच त्याचे उत्तर आहे. समजा, दोन महिन्यांत ४३ पैकी ३१ नग आले. उरलेले १२ कुठेतरी वापरात आहेत किंवा कपाटात पडून आहेत, आणि कपाटातला नग निरुपद्रवी नसतो. दारावरचा कागद उन्हाने फिका पडला की नवीन लावावा, सूचनेत आतापर्यंत किती नग परत आले तो आकडा बदलत राहावा, आणि पुरवठादाराकडून कारण कळले किंवा त्याने उत्तर दिलेच नाही, तर तेही तिथेच लिहावे. फोन न लागलेल्या ग्राहकांना मृग नक्षत्राच्या सुमारास पुन्हा एकदा फोन करावा. टॉर्च आणि पॉवर बँक घरोघरी बाहेर काढून चार्जिंगला लावण्याचे ते दिवस असतात.